रिंग वाजण्याआधीची ती शांतता

रेणापूर तालुक्यातल्या एका गावातून आई लेकीला फोन लावते. लेक छत्रपती संभाजीनगरहून लातूरच्या एसटीत बसली आहे आणि गाडी नुकतीच बीडमधून निघाली आहे. आईने बटण दाबलं की आधी दोन-चार सेकंद काहीच ऐकू येत नाही, मग रिंग सुरू होते. इतक्या वेळात तिच्या कॉलने किती दारं ठोठावलेली असतात, ते या लेखात पाहू.

आईचा फोन लेकीच्या फोनशी थेट बोलतच नाही. तो बोलतो गावाजवळच्या टॉवरशी. फोरजी फोनची हाक जास्तीत जास्त सुमारे 0.2 वॉटची असते आणि टॉवरची कित्येक वॉटची. म्हणून शेताच्या टोकाला कधीकधी फोनवर सिग्नलच्या दांड्या दिसतात, समोरच्याचा आवाज स्वच्छ येतो, पण आपला आवाज तिकडे तुटतो. दांड्या दाखवतात टॉवरचा आवाज किती पोचतोय ते. आपला तिकडे किती पोचतोय, हे त्या सांगत नाहीत.

टॉवरला मिळालेली विनंती थेट लेकीजवळच्या टॉवरकडे जाते असं पुष्कळांना वाटतं. ती जाते जमिनीखालच्या फायबरमधून, किंवा टॉवरवर जो ढोलासारखा गोल दिसतो त्या मायक्रोवेव्ह अँटेनातून पुढच्या टप्प्यावर, आणि शेवटी कोअर नेटवर्कमध्ये. हे कोअर म्हणजे मोठ्या शहरातल्या इमारतींमधले संगणक. दोघी एकाच अंगणात उभ्या राहून एकमेकींना फोन लावू लागल्या, तरी कॉल तिथपर्यंत जाऊनच परत येतो.

कोअरपुढचा पहिला प्रश्न असतो, हा नंबर कोणत्या कंपनीचा? पूर्वी सुरुवातीच्या आकड्यांवरून ते कळायचं. 2011 पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, त्यामुळे आता पोर्ट झालेल्या नंबरांच्या यादीत बघावं लागतं. कंपनी कळली की तिच्या मुख्य नोंदवहीला विचारायचं: ही बाई सध्या कुठे आहे?

आणि इथे मला सगळ्यात आवडणारी गोष्ट येते. लेक नेमकी कोणत्या टॉवरखाली आहे, हे नोंदवहीला माहीतच नसतं! खिशातला फोन प्रत्येक टॉवर ओलांडताना कळवत बसला, तर बॅटरी लवकर संपेल. म्हणून शेजारशेजारच्या अनेक टॉवरांचा मिळून एक इलाखा केलेला असतो. त्याला ट्रॅकिंग एरिया म्हणतात. फोन आपल्याला नेमून दिलेल्या इलाख्यांबाहेर गेला तरच कळवतो, आणि एरवी साधारण तासाभरातून एकदा ‘मी आहे’ एवढं सांगतो.

मग लेकीला शोधायचं कसं? गावात दवंडी द्यावी तसं. त्या इलाख्यातले टॉवर एकाच वेळी तिच्या फोनला हाक मारतात. याला पेजिंग म्हणतात. हाक मोबाइल नंबराने मारत नाहीत. नेटवर्कने फोनला दिलेली एक तात्पुरती ओळख असते, ती पुकारतात, म्हणजे वाटेत कुणी ऐकलं तरी नंबर उघड होत नाही. लेकीचा फोन तेव्हा डुलकी घेत असतो. बॅटरी वाचवण्यासाठी तो मधूनमधून, साधारणपणे दर 1.28 सेकंदाला, क्षणभर कान उघडतो. आपली ओळख ऐकू आली की जवळच्या टॉवरला ओ देतो आणि तेव्हाच त्याचा नेमका टॉवर कळतो. सुरुवातीच्या शांततेतला बराच वेळ अशा वाट बघण्यात जातो. बीड ते रेणापूर हे अंतर कापायला संदेशाला एक मिलिसेकंदही लागत नाही.

“माय, बसमधी हाव, अंबाजोगाईला आले की सांगते.” हे वाक्य 20-20 मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापून, आकड्यांत बदलून जातं. एका सेकंदाचे असे 50 तुकडे. एखादा वाटेत हरवला तर फोन आधीच्या आवाजावरून अंदाजाने जागा भरतो. सलग बरेच हरवले की मग आवाज ‘रोबोटासारखा’ होतो. गाडी पुढे जाते तसा चालू कॉल एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो.

आता समजा, आईने फोन लावला तेव्हा गाडी मांजरसुंब्याच्या घाटात, डोंगराच्या आडोशाला होती. लेकीने फोन स्वतः बंद केला असता, तर बंद होताना त्याने ‘मी निघालो’ असं नेटवर्कला कळवलं असतं आणि बंद असल्याचा निरोप आईला लगेच मिळाला असता. इथे तसं झालेलं नाही. नोंदवहीत लेक अजून हजर आहे. टॉवर हाक मारतात, उत्तर नाही. थांबून पुन्हा मारतात. म्हणून आईला बराच वेळ शांतता ऐकू येते आणि मग ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’.

पाच मिनिटांत गाडी घाट ओलांडते. फोनला टॉवर सापडतो, त्यावरचा इलाख्याचा क्रमांक तो वाचतो. इलाखा तोच आहे, तेव्हा तो काहीच कळवत नाही, नुसता कान उघडत राहतो. आई पुन्हा फोन लावते, आणि या वेळी हाक ऐकू जाते.