शिखर आणि खळगा: मॅग्नेशियम-सिलिकॉनच्या आकृतीत कुठे काय असतं

साधी युटेक्टिक आकृती सगळ्यांना येते. दोन उतरत्या रेषा एका खळग्यात भेटतात, वर द्रव, खाली दोन घन, संपलं. घोळ सुरू होतो तो मधे एखादं काँग्रुअंट वितळणारं संयुग आलं की, म्हणजे वितळल्यावर ज्याच्या द्रवाचं प्रमाण घनाइतकंच राहतं असं संयुग. दर वर्षी पेपर तपासताना तळाच्या चौकटीत 'Mg + Si' असं लिहिलेलं सापडतं आणि दर वर्षी माझं लाल पेन तिथेच अडतं.

मॅग्नेशियम ६५० अंश सेल्सिअसला वितळतं, सिलिकॉन १४१४ला. मधे Mg₂Si, अणूंच्या हिशेबात ३३.३ टक्के सिलिकॉन, १०८५ला वितळणारं. या शिखराच्या दोन्ही बाजूंना एकेक खळगा आहे: डावा साधारण ६३८ अंशांवर, जेमतेम सव्वा टक्का सिलिकॉनपाशी, उजवा साधारण ९४६ अंशांवर, ५३ टक्क्यांपाशी. डावा खळगा मॅग्नेशियमला इतका चिकटून आहे की 'Mg + द्रव' हा भाग नुसता चिरोटा उरतो आणि बऱ्याच जणांना तो दिसतच नाही.

३३.३ टक्क्यांवरची उभी रेघ ही भिंत समजा. भिंतीच्या डावीकडे तळाशी Mg आणि Mg₂Si, उजवीकडे Mg₂Si आणि Si. सुटं मॅग्नेशियम आणि सुटं सिलिकॉन समतोलात एकमेकांशेजारी कधीच नसतात. एखाद्या भागात काय आहे हे पाहायचं तर त्या भागातल्या बिंदूतून आडवी रेघ मारायची आणि ती दोन्हीकडे पहिल्यांदा कशाला थडकते ते बघायचं. शिखराच्या दोन्ही बाजूंना 'द्रव + Mg₂Si' लिहिलेलं असतं. घन तोच, पण द्रव वेगळे. एक मॅग्नेशियमकडे झुकलेला, दुसरा सिलिकॉनकडे. द्रवाच्या भागात मात्र Mg₂Si लिहू नका, तिथे एकच प्रावस्था आहे.

आता खरी अडचण. ३३.३ टक्क्यांचा द्रव थंड केला तर तो १०८५ अंशांवर थांबतो, पूर्ण गोठतो, मग तापमान खाली येतं. ५३ टक्क्यांचा द्रव ९४६वर अगदी तस्साच वागतो. दोन्ही आलेख शुद्ध पदार्थासारखे. म्हणून मुलं खळग्यालाही संयुग म्हणतात, आणि यात ती एकटी नाहीत: 'युटेक्टिक' हा शब्द ज्याने १८८४ साली दिला त्या फ्रेडरिक गथ्रीने आधी मीठ-बर्फाच्या अशाच गोठलेल्या मिश्रणांना संयुगं मानलं होतं.

फरक दिसतो तो प्रमाण जरा सरकवलं की. ५३ऐवजी ५० टक्के घ्या: आधी Mg₂Si चे स्फटिक पडू लागतील, आलेखाला बाक येईल, पण नंतरचा थांबा तिथेच, ९४६वर. ३३.३ऐवजी ३५ घ्या: १०८५चा थांबा गायब. गोठणं त्याच्या खालीच सुरू होतं आणि शेवटी ९४६वर एक आखूड थांबा मिळतो. खळग्याचा थांबा शेजाऱ्यांनाही लागू पडतो, शिखराचा फक्त त्याच्या स्वतःच्या प्रमाणाला. कारण सोपं आहे. खळग्यात द्रव आणि दोन घन अशा तीन प्रावस्था एकत्र असतात, त्यामुळे तापमान बांधलेलं असतं. शिखरावर द्रव आणि एकच घन, आणि दोघांचं प्रमाण एकच.

४० टक्के सिलिकॉनचा मिश्रधातू घेऊन हिशेब करू. शंभर अणू: ६० मॅग्नेशियम, ४० सिलिकॉन. ९४६च्या किंचित वर आडव्या रेघेची टोकं ३३.३ आणि ५३. द्रवाचा वाटा (४० − ३३.३) भागिले (५३ − ३३.३), म्हणजे सुमारे ३४ टक्के; उरलेले ६६ टक्के Mg₂Si. किंचित खाली गेलात की टोकं ३३.३ आणि १०० होतात. सुटं सिलिकॉन १० टक्के, Mg₂Si ९० टक्के. आकृती झाकूनही पटतं: ६० मॅग्नेशियम अणूंना ३० सिलिकॉन लागतात, १० उरतात. 'Mg + Si' लिहिणाऱ्याच्या हिशेबात सुटं सिलिकॉन ४० टक्के निघेल, म्हणजे चौपट.

सूक्ष्मदर्शकाखाली हाच तुकडा पाहिला तर Mg₂Si चे मोठे स्फटिक आणि त्यांच्या मधल्या जागेत Mg₂Si-सिलिकॉनचं बारीक मिश्रण दिसतं. सुटं सिलिकॉन सगळं त्या बारीक भागातच, कारण ते शेवटच्या ३४ टक्के द्रवातून आलेलं आहे. ३३.३ टक्क्यांच्या तुकड्यात असा बारीक भाग नसतो.