मिनिट-टू-मिनिट कार्यक्रम (चर्चासत्र)

एकदिवसीय चर्चासत्रातील प्रत्येक बाब केव्हा सुरू होईल, किती वेळ चालेल आणि ती कोणाकडे आहे, हे नोंदवणारा आयोजकांचा अंतर्गत तक्ता. निमंत्रितांना मिळणारी छापील कार्यक्रमपत्रिका याहून वेगळी. इंग्रजीत यास ‘रन ऑफ शो’ म्हणतात; मराठीतील प्रचलित नाव शासकीय दौऱ्यांच्या शिष्टाचारातून आले असावे.

राखीव वेळ कोठे ठेवावी, याविषयी मतभेद आहेत. जुनी रीत प्रत्येक बाबीमागे थोडी सवड ठेवण्याची. व्यवस्थापनतज्ज्ञ एलियाहू गोल्डरॅट यांनी १९९७ मध्ये प्रकल्पांच्या नियोजनासाठी मांडलेल्या ‘क्रिटिकल चेन’ पद्धतीत ही सवड एकत्र करून शेवटी ठेवतात. चार बाबींना प्रत्येकी १० मिनिटे दिल्यास ४० मिनिटे अडकतात. विलंब परस्परांवर अवलंबून नसतील, तर वर्गमुळाच्या नियमाने, म्हणजे चारही सवडींच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घेऊन, २० पुरतात. चर्चासत्रात ही अट पूर्णतः पाळली जात नाही. उद्घाटन लांबले की पुढचे सारे सरकते, आणि एखादे सत्र लवकर संपले तरी वाचलेली मिनिटे श्रोते चहापाशी खर्च करतात. म्हणून २० हा किमान आकडा मानून सवड जेवणाआधी व समारोपाआधी, अशी दोन ठिकाणी साठवणे अधिक सयुक्तिक वाटते. उशिरा सुरुवातीची तजवीज वेगळी: छापील व अंतर्गत वेळेतील अंतर.

कोल्हापुरातील महाविद्यालयाच्या चर्चासत्राचे नमुना उदाहरण घेऊ. सांगली-कराडकडून येणारे प्राध्यापक एस.टी.ने पोहोचतात, म्हणून पत्रिकेत १०.०० छापून तक्त्यात १०.१५ धरले. उद्घाटन ४५ मिनिटे, बीजभाषण ४५, चहा १५, पहिले सत्र ७०, म्हणजे १.१० वाजता सत्र संपते. त्यानंतर २० मिनिटे राखीव, आणि १.३० ला जेवण. ही वेळ हलवायची नाही.

प्रत्यक्षात दीपप्रज्वलन १०.२५ ला झाले. सत्काराच्या यादीत ऐनवेळी नावे वाढली; शाल, श्रीफळ आणि फोटो धरून १२ मिनिटे जादा गेली. बीजभाषण ठरल्या अवधीतच झाले, तरी संपले १२.०७ ला. विलंब २२ मिनिटे, राखीव २०. निर्णय घ्यायचा तो याच क्षणी. पहिले सत्र निम्मे झाल्यावर वक्त्यांना चिठ्ठ्या पाठवून फारसे साधत नाही. चहा १० मिनिटांत उरकला, सत्र १२.१७ ला सुरू होऊन १.२७ ला संपले.

सत्राध्यक्षांना १.१० हीच वेळ कळवावी. राखीव मिनिटे त्यांच्या प्रतीत दिसली की प्रश्नोत्तरे तेवढी लांबतात. तक्त्याची पूर्ण प्रत सूत्रसंचालक व वेळ पाहणारा कार्यकर्ता यांच्याकडेच असते.

दुपारी रीत तीच. दुसरी राखीव वेळ आभारप्रदर्शनाआधी येते.