पोटाच्या गोळीत लपलेली झोपेची गोळी

आमच्या शेजारच्या काकू मागच्या दिवाळीत लेकीकडे गेल्या आणि औषधांचा डबा घरीच विसरल्या. पहिले दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या रात्री डोळ्याला डोळा लागेना. चौथ्या दिवशी हात थरथरायला लागले, दरदरून घाम सुटला, छातीत धडधड सुरू झाली. लेकीला वाटलं, आईचं बीपी वाढलं. बीपीची गोळी मात्र तिथल्या मेडिकलमधून पहिल्याच दिवशी आणलेली होती आणि ती चालूही होती.

मी डबा उघडून स्ट्रिप पाहिल्या. एक झोपेची म्हणून दिलेली, क्लोनाझेपाम 0.5 मिलिग्रॅम. दुसरी पोटात कळ येते म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली, सकाळ-संध्याकाळ एकेक. काकू तिला 'गॅसची गोळी' म्हणत. तिच्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, क्लोरडायझेपॉक्साइड 5 मिलिग्रॅम आणि क्लिडिनियम ब्रोमाइड 2.5 मिलिग्रॅम. क्लिडिनियम आतड्याची कळ कमी करतं, पण क्लोरडायझेपॉक्साइड हे 1960 साली बाजारात आलेलं, बेंझोडायझेपिन या झोप आणणाऱ्या औषधांच्या कुळातलं पहिलं औषध आहे. क्लोनाझेपाम त्याच घराण्यातलं. म्हणजे काकू एकाच जातीची दोन औषधं तीन वर्षं घेत होत्या आणि दोन्ही एकदमच बंद पडली होती.

म्हणून स्ट्रिपवरचं कंपनीचं नाव सोडून मूळ औषधाचं नाव वाचावं. ते ब्रँडच्या खाली किंवा वर असतं, आणि एकाहून जास्त औषधं असतील तर प्रत्येक गोळीत काय किती आहे त्या ओळीत. नावाची शेपटी बरंच सांगून जाते. '-झेपाम' म्हणजे डायझेपाम, लोराझेपाम, नायट्राझेपाम, क्लोनाझेपाम. '-झोलाम' म्हणजे अल्प्राझोलाम, मिडाझोलाम, एटिझोलाम. फिटवर देतात ते क्लोबाझामही याच कुळातलं. झोल्पिडेम आणि झोपिक्लोन यांची रचना वेगळी असली तरी मेंदूतला त्यांचा मुक्काम तोच. 'झोल' ऐकून मात्र घाबरू नका, पित्तावरचं ओमेप्राझोल आणि जंतांवरचं अल्बेन्डाझोल यांचा इथे काही संबंध नाही. जास्त फसवतात त्या जोडगोळ्या: नैराश्यावरच्या एस्सिटालोप्रामसोबत क्लोनाझेपाम, किंवा धडधडीवरच्या प्रोप्रानोलोलसोबत एटिझोलाम. यांतल्या बऱ्याच औषधांच्या स्ट्रिपवर कोपऱ्यात लाल एनआरएक्स दिसतं. ही खूण म्हणजे औषध अमली पदार्थांच्या कायद्याखालीही येतं. पण 'सवय लागते' असं सरळ शब्दांत छापलेलं असेलच असं नाही.

ती सवय म्हणजे मनाचा कमकुवतपणा नव्हे, हे मला ठासून सांगायचं आहे. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन पेशींना शांत करतं. ते पेशीवरच्या आपल्या ठरलेल्या जागी, म्हणजे ग्राहकाला, चिकटलं की पेशीत क्लोराइड शिरतं आणि पेशी सहजासहजी पेटत नाही. ही औषधं त्याच ग्राहकाच्या शेजारच्या जागी बसून गाबाचा परिणाम वाढवतात. रोज बाहेरून ब्रेक दाबला जातोय म्हटल्यावर मेंदू काही आठवड्यांत स्वतःचा ब्रेक सैल करतो आणि ॲक्सिलरेटर थोडा दाबून ठेवतो. मग तीच गोळी कमी पडायला लागते. आणि गोळी अचानक काढली की उरतो सैल ब्रेक आणि दाबलेला ॲक्सिलरेटर: झोप उडणं, थरथर, घाम, घबराट, आणि वाईट वेळ आली तर फिट. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 साली या संपूर्ण गटावर अवलंबित्वाची ठळक चौकटीतली सूचना बंधनकारक केली ती यामुळेच.

काकूंना पहिले दोन दिवस काही का झालं नाही? क्लोनाझेपामचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण 30 ते 40 तास लागतात, त्यामुळे त्रास उशिरा येतो. अल्प्राझोलाम लवकर उतरतं, तिथे एक-दोन दिवसांतच तगमग सुरू होऊ शकते. उशिरा आलेल्या या त्रासाचा गोळीशी संबंध कुणी लावत नाही, 'जुना आजार उलटला' असंच वाटतं.

आकडाही फसवतो. 0.5 हा आकडा किरकोळ दिसतो, पण तेवढं क्लोनाझेपाम साधारण 10 मिलिग्रॅम डायझेपामच्या बरोबरीचं. पोटाच्या गोळीतून दिवसाला जाणारं 10 मिलिग्रॅम क्लोरडायझेपॉक्साइड म्हणजे आणखी सुमारे 4. 'अर्धा मिलिग्रॅमच तर घेते' म्हणणाऱ्या काकूंच्या अंगात रोज 14 मिलिग्रॅम डायझेपामइतकी गुंगी जात होती, आणि वर्षभरात त्या दोनदा न्हाणीघरात पडल्या होत्या.

त्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही स्ट्रिप शेजारी ठेवून पाहिल्या आणि आधी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, कारण तुटकपणे बंद करण्यात फिटचा धोका होता. मग दर दोन ते चार आठवड्यांनी एकूण मात्रेच्या 5 ते 10 टक्के, अशी कपात. पोटासाठी झोपेचा अंश नसलेली गोळी दिली. आता आठ महिने झाले. क्लोनाझेपाम पाव गोळीवर आलंय, आणि काकूंच्या डब्याच्या झाकणाला आतून कागद चिकटवलाय: डाव्या बाजूला त्रास, उजव्या बाजूला मूळ औषधाचं नाव.