पीएम किसानचा हप्ता आला म्हणतात पण खात्यात नाही? आधार लिंकिंगच्या घोळाची तक्रार कुठे आणि कशी करायची

माझ्या मावशीचे पीएम किसानचे सलग तीन हप्ते आणि नमो शेतकरीचे दोन हप्ते खात्यात आलेच नाहीत. एकेक हप्ता 2000 चा, म्हणजे सगळे मिळून 10,000 रुपये. दर वेळी गावात सगळ्यांच्या मोबाईलवर मेसेज यायचे आणि ती बिचारी पासबुक घेऊन बँकेत जायची, एन्ट्री मारून घ्यायची आणि रिकाम्या हाताने परत यायची. बँकेत विचारलं की "आजी तुमचं आधार लिंक आहे, वरूनच पैसे आले नाहीत" आणि कृषी कार्यालयात विचारलं की "आमच्याकडून गेलेत, बँकेत बघा". खरं सांगायचं तर दोघंही खोटं बोलत नव्हते, आणि हीच गोष्ट नीट समजून घेतली तर तुमचे चार हेलपाटे वाचतील म्हणून सविस्तर लिहितेय.

आपण ज्याला "आधार लिंक" म्हणतो त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे खात्याला केवायसी म्हणून आधार नंबर जोडलेला असणं, हे तुमच्या पाच खात्यांना पाच ठिकाणी असू शकतं. दुसरी म्हणजे सीडिंग, म्हणजे बँकांमधले पैशाचे व्यवहार जोडणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या मॅपर नावाच्या यादीत तुमच्या आधार नंबरपुढे एका बँकेची नोंद असणं, आणि ही नोंद एका वेळी एकाच बँकेची असते. सरकार डीबीटीचे, म्हणजे थेट खात्यात जमा होणारे योजनेचे पैसे आधारवर पाठवतं तेव्हा तुम्ही फॉर्मवर लिहिलेला खाते नंबर बघितला जात नाही, मॅपरमध्ये ज्या बँकेचं नाव असेल तिकडे पैसे जातात. आणि अजून एक, मॅपरमध्ये तुमचा खाते नंबर नसतोच, फक्त बँक कोणती ते असतं. त्या बँकेत पोचल्यावर कुठल्या खात्यात टाकायचे ते ती बँक तिच्याकडच्या नोंदीवरून ठरवते. म्हणून एकाच बँकेत दोन खाती असतील तर पैसे तुम्ही वापरत नसलेल्या खात्यातही जाऊ शकतात, ते आधी बघून घ्या.

त्यामुळे अर्ज लिहायच्या आधी शोधायचं एवढंच की पैसे अडकून परत गेलेत की दुसरीकडे जाऊन पडलेत. दोन्हीची तक्रार वेगळ्या ठिकाणी करायची असते, आणि चुकीच्या ठिकाणी केली की महिनाभराने "निकाली काढली" असं उत्तर येतं आणि हातात काहीच नसतं.

शोधायचं कसं, तर myAadhaar च्या साईटवर आधार नंबर आणि ओटीपी टाकून लॉगिन करा, तिथे Bank Seeding Status असा पर्याय आहे. त्यात बँकेचं नाव, स्टेटस Active की Inactive आणि शेवटचा बदल कधी झाला ती तारीख दिसते. ओटीपीसाठी आधारला मोबाईल नंबर जोडलेला लागतो, नसेल तर आधी आधार केंद्रावर जाऊन तो जोडा, त्याशिवाय पुढे अडतं. मग pmkisan.gov.in वर Know Your Status मध्ये रजिस्ट्रेशन नंबर टाकून बघा. तिथे लँड सीडिंग, ई-केवायसी आणि आधार बँक सीडिंग या तिन्हींपुढे Yes आहे का ते बघायचं आणि खाली हप्त्याची माहिती असते ती वाचायची. दोन्ही पानांचे स्क्रीनशॉट काढून प्रिंट घ्या, पुढे सगळीकडे हेच कामाला येतं.

इथे पात्रतेचं पण सांगते, कारण बरेच जण लिंकिंग समजून भांडत बसतात आणि कारण भलतंच असतं. जमीन 1 फेब्रुवारी 2019 च्या आधी नावावर नसेल (वारसाने आलेली सोडून), नवरा-बायकोपैकी कोणी इन्कम टॅक्स भरत असेल, किंवा नवरा-बायको दोघांच्याही नावाने अर्ज असेल तर हप्ता थांबतो आणि बँकेचा त्यात काही संबंध नसतो. लँड सीडिंगपुढे No असेल तरी तो प्रश्न सातबाऱ्याचा, बँकेचा नाही. हे सगळं नीट असूनही पैसे नसतील तरच खालची प्रक्रिया तुमच्यासाठी आहे.

मावशीचं तिन्हींपुढे Yes होतं आणि हप्ते पण यशस्वी दाखवत होते. मग myAadhaar उघडून बघितलं तर बँकेचं नाव भलतंच! ती म्हणे माझं तिथे खातंच नाही. शेवटच्या बदलाची तारीख दाखवली तेव्हा तिला आठवलं की त्या सुमारास गावात झिरो बॅलन्स खाती काढायला एक मुलगा टेबल टाकून बसला होता आणि हिने पण रांगेत उभं राहून अंगठा दिला होता. तेव्हा त्या फॉर्मवर डीबीटीसाठी संमतीची खूण पण झाली, मॅपरमधली जुनी बँक गेली आणि नवीन लागली. ना पासबुक मिळालं ना एटीएम कार्ड, त्यामुळे तिच्या लेखी ते खातं नव्हतंच.

अशा वेळी कृषी कार्यालयात तक्रार करून काही होत नाही कारण त्यांच्या नोंदीत पैसे मिळालेले आहेत. मी तिला घेऊन तालुक्याला त्या दुसऱ्या बँकेच्या शाखेत गेले, आधार आणि पॅन दाखवलं, अंगठा दिला, आणि स्टेटमेंट काढलं तर पाचही हप्ते ओळीने तिथे पडलेले. दहा हजार आणि वर थोडं व्याज. मावशीने तो कागद हातात घेऊन प्रत्येक ओळीवर बोट ठेवून मोजलं. पैसे तिथेच काढता आले, फक्त बराच काळ व्यवहार नसल्यामुळे आधी केवायसी परत करावी लागली.

पण तेवढ्यावर थांबू नका, नाहीतर पुढचा हप्ता पण तिकडेच जाणार. ज्या बँकेत पैसे हवेत तिथे जाऊन "आधार लिंक करा" असं म्हणायचं नाही, ते म्हणतील आधीच आहे. "डीबीटीसाठी एनपीसीआय सीडिंग माझ्या या खात्यावर करायचंय" असं स्पष्ट म्हणा आणि सीडिंगचा संमती फॉर्म मागा. त्या फॉर्ममध्ये एक चौकट असते की माझं सीडिंग आधी अमुक बँकेत आहे आणि ते बदलून तुमच्या बँकेत करावं, तिथे जुन्या बँकेचं नाव लिहायचंच. लोक ती चौकट रिकामी सोडतात, मग बदल होतच नाही आणि आठ दिवसांनी तीच जुनी बँक दिसते. फॉर्मची झेरॉक्स घेऊन त्यावर शिक्का आणि तारीख मागा, काउंटरवरचे नको म्हणाले तरी मागा. मोबाईल वापरता येत असेल तर एनपीसीआयच्या साईटवर पण आधार सीडिंगची विनंती टाकता येते, पण त्या यादीत तुमची बँक आहे का ते आधी बघा.

आता पैसे परत गेले असतील तर. म्हणजे सीडिंग Inactive दिसतंय किंवा कुठल्याच बँकेचं नाव नाही, आणि पेमेंट फेल दाखवतंय. खातं बंद झालेलं असतं, दोन वर्षं व्यवहार नसल्याने निष्क्रिय झालेलं असतं किंवा बँकेने सीडिंग काढलेलं असतं. आधी खातं चालू करा, मग वरचाच संमती फॉर्म, मग Active दिसेपर्यंत थांबा आणि त्यानंतरच तक्रार टाका. उलट क्रमाने केलं तर पैसे परत पाठवले तरी परत फेल होतात. पीएम किसानमध्ये त्रुटी दुरुस्त झाली की पात्र शेतकऱ्याचे राहिलेले हप्ते पण मिळतात, त्यामुळे मागचे बुडाले असं समजून सोडून देऊ नका.

तक्रार pmkisan.gov.in वर हेल्पडेस्कमध्ये रजिस्ट्रेशन नंबर टाकून करता येते, हेल्पलाईन 155261 आहे, पण माझ्या मते सोबत तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घेणं सगळ्यात भरवशाचं. सोबत आधारची झेरॉक्स, पासबुकचं पहिलं पान, हप्ता यायला हवा होता त्या महिन्यांच्या एन्ट्रीची पानं, दोन्ही स्क्रीनशॉट आणि शिक्का मारलेला संमती फॉर्म जोडा. सातबारा फक्त जमिनीचा प्रश्न असेल तरच लागतो. अर्जात रडगाणं नको, असं लिहा:

"माझा पीएम किसान रजिस्ट्रेशन नंबर अमुक आहे. अमुक ते अमुक काळातले दोन हप्ते आधार सीडिंग इनॅक्टिव्ह असल्याने जमा झाले नाहीत. आता अमुक तारखेपासून अमुक बँकेत सीडिंग ॲक्टिव्ह आहे, प्रिंट जोडली आहे. तरी थकीत हप्ते जमा करावेत आणि केलेल्या कार्यवाहीची माहिती लेखी द्यावी."

दोन आठवड्यांत काही हललं नाही तर pgportal.gov.in वर तक्रार टाका आणि तिथे कृषी कार्यालयाच्या पोचेचा फोटो जोडा.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे बँकेने तुमचा आधार नंबर चुकून दुसऱ्याच माणसाच्या खात्याला लावणं. सीडिंगमध्ये बँक तुमचीच दिसते, Active पण असते, हप्ता यशस्वी, आणि पासबुक कोरं. ही चूक बँकेची असते, त्यामुळे कृषी खातं काही करू शकत नाही. शाखा व्यवस्थापकाच्या नावाने लेखी तक्रार द्या, त्यात हप्त्याची तारीख आणि यूटीआर नंबर, म्हणजे त्या पेमेंटचा ओळख क्रमांक लिहा आणि "ही रक्कम कोणत्या खात्यात जमा केली ते तपासून माझ्या खात्यात द्यावी" एवढंच मागा. त्या दुसऱ्या माणसाचं नाव बँक तुम्हाला सांगणार नाही, त्यावर वाद घालू नका. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर cms.rbi.org.in वर बँकिंग लोकपालाकडे जाता येतं, फी लागत नाही, पण बँकेला आधी दिलेल्या तक्रारीची पोच नसेल तर तिथे अर्ज टिकत नाही.

मावशीचं सीडिंग चार दिवसांत तिच्या नेहमीच्या बँकेत आलं. ते जुनं झिरो बॅलन्सचं खातं आम्ही लगेच बंद नाही केलं, पुढचा हप्ता पासबुकात छापून आला ते डोळ्यांनी बघितलं आणि मगच बंद करायचा अर्ज दिला.