छायाचित्रातून स्वतःची सावली काढणे

निसर्गदृश्याच्या छायाचित्रात पुढच्या जमिनीवर पडलेली छायाचित्रकाराची किंवा ट्रायपॉडची सावली संपादनाच्या वेळी नाहीशी करण्याची प्रक्रिया. कोकण किनाऱ्यावर ही अडचण मुख्यतः सकाळची आहे. समुद्र पश्चिमेला असल्यामुळे संध्याकाळी समुद्राकडे तोंड केले की सूर्य समोर असतो आणि आपली सावली पाठीमागे पडते. सकाळी मात्र सूर्य सह्याद्रीच्या बाजूने वर येतो आणि समुद्राकडे वळवलेल्या चौकटीत खालच्या कडेतून सावली आत शिरते. किनाऱ्यालगतच्या सुरूच्या बनाची छाया वाळूवर असेपर्यंत हा प्रश्न उद्भवत नाही. ऊन वाळूवर उतरते तेव्हा सूर्य बहुधा दहा-पंधरा अंश वर आलेला असतो आणि सावली अजून चांगलीच लांब असते.

कॅमेऱ्याची सावली नेहमी सूर्याच्या बरोबर विरुद्ध बिंदूवर पडते, म्हणजे सूर्य क्षितिजाच्या जितका वर तितकीच ती क्षितिजाच्या खाली दिसते. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्स आडवी लावली आणि क्षितिज चौकटीच्या मध्यावर ठेवले, तर क्षितिजाखालचा सुमारे २७ अंशांचा भाग चित्रात येतो. त्यामुळे सूर्य पाठीशी असून त्याहून खाली असेल, तर सावली टळत नाही. थोडे थांबण्याचा उपयोग होतो, पण तो सावली बाजूला सरकते म्हणून नव्हे. कोकणच्या अक्षांशावर सूर्य बराच उभा चढतो. हिवाळ्यात अर्ध्या तासात तो सुमारे सात अंश वर जातो, तर त्याची दिशा जेमतेम दोन-तीन अंशांनी बदलते. दीड मीटर उंचीवरच्या कॅमेऱ्याची सावली सूर्य १० अंशांवर असताना साडेआठ मीटर लांब असते; सूर्य १७ अंशांवर आला की ती सुमारे पाच मीटरवर येते, पण त्याच दिशेला राहते. सावली केवळ खालच्या कडेला टेकली असेल, तर चित्र कापून घेणे हाच शहाणपणाचा उपाय होय. पुढील पद्धती त्यापलीकडच्या चित्रांसाठी आहेत.

काढण्याच्या पद्धती दोन आहेत: सावलीखालची जमीन उजळणे, किंवा ती दुसऱ्या जमिनीने झाकणे. बहुतेक जण थेट क्लोन स्टॅम्प, म्हणजे चित्राचा एक भाग दुसऱ्या जागी उमटवणारे साधन, उचलतात, तरी आधी उजळून पाहणे अधिक चांगले, कारण सावलीत जमीन हरवलेली नसते. तिथे थेट ऊन पोचत नाही, मात्र आकाशाचा प्रकाश असतोच. सूर्य खाली असताना मोकळ्या वाळूवरची सावली साधारणतः दीड ते दोन स्टॉप गडद असते, एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा, आणि कॅमेऱ्याच्या कच्च्या नोंदीच्या म्हणजे रॉ फाइलमध्ये एवढा फरक सहज भरून काढता येतो.

उदाहरणादाखल रत्नागिरीजवळच्या काळबादेवीच्या किनाऱ्यावर सकाळी, सूर्य १७ अंशांवर असताना घेतलेले चित्र धरू. या भागातील वाळूत इल्मेनाइट या खनिजाचे काळे पट्टे असतात, त्यामुळे झाकण्याची पद्धत येथे लगेच उघडी पडते: पट्टा मध्येच तुटतो किंवा तोच पट्टा दोनदा दिसतो. म्हणून सावलीवर कर्व्ह्जचा, म्हणजे उजळपणा व रंग बदलणाऱ्या वक्ररेषांचा, ॲडजस्टमेंट लेयर घेऊन त्याचा परिणाम कुठे व्हावा हे ठरवणाऱ्या मास्कमध्ये सावलीचा आकार रंगवावा. मग सावलीतील पांढऱ्या वाळूचे आणि तिच्या शेजारच्या, कॅमेऱ्यापासून तेवढ्याच अंतरावरच्या उन्हातील वाळूचे रंगमूल्य मोजावे. समजा सावलीत लाल ८२, हिरवा ८८ आणि निळा ९६ आहे, तर उन्हात तेच आकडे १७६, १५८ आणि १३२ आहेत. आकाशाच्या प्रकाशामुळे सावली निळसर असते, म्हणून तिन्ही रंग सारखे वाढवून चालत नाही. लाल, हिरव्या आणि निळ्या कर्व्हवर प्रत्येकी एक बिंदू घेऊन तो वेगवेगळा उचलावा लागतो; लाल सर्वांत जास्त, निळा सर्वांत कमी. छायाचित्रकाराचे शरीर आकाशाचाही काही भाग अडवत असल्याने सावली पायांकडे अधिक गडद होत जाते. त्यासाठी खालच्या भागात त्याच पद्धतीचा दुसरा, सौम्य लेयर लागतो.

खरी कसोटी कडेवर लागते. सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची चकती आहे, त्यामुळे सावलीची कड वस्तूपासूनच्या अंतराच्या सुमारे १०८व्या भागाइतकी पसरट होते. वरील चित्रात कॅमेरा आपल्या सावलीपासून सुमारे पाच मीटर दूर आहे, म्हणून डोके आणि खांद्यांच्या कडा बाजूच्या दिशेने पाचएक सेंटिमीटर पसरट असतात. पावलांपाशी मात्र कड जवळजवळ रेघेसारखी असते. पूर्ण मास्कला एकच फेदर, म्हणजे कडेचा सारखाच मऊपणा, दिला, तर खाली उजळ झालर आणि वर काळी किनार उमटते. फेदर पावलांकडून डोक्याकडे वाढत नेला तरच ती जाते. ट्रायपॉडच्या पायाला हाच नियम वेगळ्या रीतीने लागू होतो: तीनएक सेंटिमीटर जाडीच्या पायाची पूर्ण सावली सुमारे तीन मीटर अंतरानंतर उरतच नाही, तिथे फक्त फिकट पट्टी राहते. त्या पट्टीला भोवतालच्या रंगाशी मिळवून घेणारा हीलिंग ब्रश पुरतो. जमिनीजवळच्या गडद, बारीक टोकाला क्लोन स्टॅम्प बरा.

उजळण्याची मर्यादा पोतात आहे. तिरप्या उन्हात वाळूचा प्रत्येक कण आणि वाळूवर उमटलेली प्रत्येक लाट आपापली बारीक सावली टाकते. आपल्या सावलीत त्या बारीक सावल्या नसतात आणि कितीही उजळले तरी त्या निर्माण होत नाहीत. म्हणून उजळलेला भाग सपाट, धुतल्यासारखा दिसतो. मात्र कॅमेऱ्याच्या सावलीभोवती ही उणीव फारशी जाणवत नाही. त्या दिशेला आपण सूर्यकिरणांच्याच रेषेत पाहत असल्यामुळे प्रत्येक कणाची सावली त्याच कणामागे लपते आणि उन्हातली वाळूही तिथे उजळ व सपाट दिसते. दूरच्या वाळूचा तुकडा आणून डोक्याच्या सावलीवर लावला, तर तो उलट काळपट डाग वाटतो. पोत खरोखरच कमी पडेल तिथे, म्हणजे कमरेखालच्या भागात, क्लोनचा नमुना डाव्या किंवा उजव्या बाजूने, त्याच अंतरावरून घ्यावा. वरून किंवा खालून घेतल्यास वाळूच्या लाटांचा आकार जुळत नाही.

किनाऱ्यावर असतानाच एक जादा चित्र घेऊन ठेवले, तर यातले बरेच काम वाचते. मुख्य चित्रासाठी टायमर लावून छायाचित्रकाराने कॅमेऱ्याच्या मागून बाजूला व्हावे, म्हणजे फक्त ट्रायपॉडची सावली उरते. मग ट्रायपॉड किनाऱ्याला समांतर दोन पावले सरकवून, उंची, दिशा आणि एक्स्पोजर तेच ठेवून दुसरे चित्र घ्यावे. त्यात आधीच्या सावलीची जागा मोकळी मिळते आणि सपाट वाळू असल्याने तो तुकडा थोडा ओढून-ताणून बसतो. लाटा बदलल्या तरी बिघडत नाही, कारण पाण्याचा भाग घ्यायचाच नसतो. मात्र कॅमेऱ्याच्या सावलीभोवतीचा उजळपणा कॅमेऱ्याबरोबर सरकतो, त्यामुळे तुकड्याची उजळी थोडी वाढवावी लागते.

ओल्या वाळूला वरील कर्व्ह लागू पडत नाही. लाट नुकतीच ओसरलेल्या वाळूवरचा बराचसा उजेड आकाशाच्या प्रतिबिंबाचा असतो आणि आपल्या सावलीने तो कमी होत नाही. सावली फिकी असते, केवळ वाळूचा स्वतःचा रंग काळवंडलेला असतो. सगळेच उजळले तर प्रतिबिंबही उजळते आणि वाळूत दुधाळ ठिगळ दिसते. अशा ठिकाणी फिकट सावली ओल्या-कोरड्या वाळूच्या सीमेपर्यंतच दुरुस्त करून पुढे तशीच सोडलेली बरी.