राउटरचा फोटो पाठवलात की आम्ही आधी प्रश्न का विचारतो

नेट बंद पडलं की बहुतेक ग्राहक आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर राउटरचा फोटो पाठवतात. पांढरा डबा, तीन-चार दिवे आणि खाली एक शब्दही नाही. फोटो जरूर पाठवा, पण तेवढ्यावरून आम्ही ‘हे काढा, ते दाबा’ असं सांगणार नाही. एकाच फोटोमागे तीन वेगवेगळे बिघाड असू शकतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर काम वाढतं.

मुळात फोटोत दिवा लुकलुकत नाही. स्थिर हिरवा आणि लुकलुकणारा हिरवा दोन्ही सारखेच दिसतात, आणि दिवा विझलेल्या क्षणी फोटो निघाला तर तो बंदच वाटतो. म्हणून आम्ही दहा सेकंदांचा व्हिडिओ मागतो, दिव्यांजवळची अक्षरं वाचता येतील इतक्या जवळून. वायफाय आणि लॅनचे दिवे लुकलुकत असतील तर घाबरू नका, माहितीची ये-जा चालू असली की ते लुकलुकतातच. आमचं लक्ष असतं पी-ओ-एन आणि एल-ओ-एस या दोन दिव्यांकडे. पी-ओ-एन स्थिर हिरवा असेल तर तुमचा डबा आमच्या यंत्राशी जोडलेला आहे. तो लुकलुकत असेल तर जोडणीची खटपट चालू आहे. एल-ओ-एस लाल लुकलुकत असेल तर फायबरमधून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोचत नाही किंवा फारच क्षीण पोचतो.

मग विचारतो, डब्यासमोर आत्ता कोण आहे? आपल्याकडे तक्रार पुष्कळदा मुंबईहून येते. गावी आई-वडील, फोटो त्यांनी काल संध्याकाळी काढलेला, आणि आमच्याशी बोलतो तो मुलगा. अशा वेळी घरातल्या माणसाचाच नंबर द्या. आम्ही त्यांच्याशी सावकाश बोलू.

पुढचा प्रश्न, नेट सगळ्या मोबाइलवर बंद आहे की एकाच? पी-ओ-एन स्थिर आहे आणि एकच मोबाइल अडलाय, तर राउटरला हातही लावायचा नाही, तो मोबाइल बघायचा. शेजारीही विचारून घ्या. वाडीतली बरीच घरं एकाच फायबरवरून फुटलेली असतात. सगळ्यांचंच बंद असेल तर पावसात कुठेतरी फांदी किंवा माडाची झावळी तारेवर पडलेली असण्याची शक्यता जास्त. तिथे घरात काहीही करून उपयोग नाही, बाहेर पडायचं ते आमच्या माणसाने.

बंद पडण्याआधी घरात काय झालं, हा प्रश्न ग्राहकांना फालतू वाटतो, पण उत्तर बरेचदा त्यातच सापडतं. गणपतीच्या तोंडावर येणारी ही तक्रार पाहा. फोटोत एक लाल दिवा, बाकी काही नाही. व्हिडिओत एल-ओ-एस लुकलुकतोय, पी-ओ-एन बंद. शेजारी नेट चालू, म्हणजे दोष बहुधा याच घराच्या तारेत. काकूंना विचारलं, तर मखरासाठी कपाट सरकवलेलं. कपाटामागे फायबरची पिवळी बारीक वायर भिंतीशी दुमडून चेपली होती. फायबरमधली काच वीज नाही, प्रकाश वाहून नेते, आणि तीव्र वळणावर तो प्रकाश बाहेर निसटतो. कपाट पुढे घेऊन, वायर न ओढता तिला चहाच्या बशीएवढं सैल वेटोळं दिलं. लाल दिवा गेला, पी-ओ-एन आधी लुकलुकला आणि मिनिटा-दोन मिनिटांत स्थिर झाला. घडी पडून काच तुटली असती तर मात्र वायरच बदलावी लागली असती.

याच घरात कुणी आधी मागच्या भोकात टाचणी घालून रिसेट केलं असतं, तर वायर सरळ होऊनही नेट आलं नसतं. रिसेटने आम्ही भरलेलं युजरनेम, पासवर्ड आणि बाकीची सेटिंग पुसली जातात. म्हणून शेवटचा प्रश्न असतो, आतापर्यंत काय काय करून पाहिलंत? रिसेट झालं असेल तरी मोकळेपणाने सांगा. आम्ही रागावणार नाही, पण ते कळलं नाही तर भलतीकडेच शोधत बसतो. बटणाने बंद करून पुन्हा चालू करणं वेगळं, त्याने काही पुसलं जात नाही.

डब्यावरचा एकही दिवा लागत नसेल तर आधी तोच सॉकेट मोबाइलच्या चार्जरने तपासा. सॉकेट चालू निघाला तर बहुधा अडॅप्टर गेलेला असतो. दुसऱ्या कुठल्या यंत्राचा अडॅप्टर लावून बघू नका, व्होल्टेज जुळलं नाही तर डबा जळू शकतो.

फायबरचं हिरवं टोक मात्र काढू नका. टोकावर धुळीचा कण बसला तरी प्रकाश अडतो, आणि उघड्या टोकात डोळा लावून पाहणं डोळ्याला घातक ठरू शकतं, त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. डब्याच्या मागच्या स्टिकरचा फोटो फक्त आम्हालाच पाठवा, वाडीच्या ग्रुपवर नको. त्यावर बहुतेक वेळा वायफायचा पासवर्ड छापलेला असतो.