प्रेडिक्शन बरोबर असूनही बबल का पडायचा: ब्रांच टार्गेट बफरची पार्श्वभूमी

ब्रांच प्रेडिक्शनचा विषय निघाला की सगळी चर्चा टेकन की नॉट टेकन, म्हणजे उडी मारली जाणार की नाही, यावरच होते, पण फेच स्टेजची अडचण त्याच्या आधी सुरू होते. फेचच्या हातात त्या सायकलला फक्त पीसी, म्हणजे आणायच्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता, असतो, इन्स्ट्रक्शनचे बिट्स अजून कॅशमधून यायचे असतात, म्हणजे ही ब्रांच आहे का हेच मुळात माहीत नाही आणि उडी कुठे मारायची हा तर पुढचा प्रश्न. तरीही पुढच्या सायकलला कुठला तरी पत्ता द्यावाच लागतो, मग तो देतो पीसी + 4.

साधी पाच स्टेजची पाइपलाइन घ्या, टार्गेट आणि कंडिशन दोन्ही डिकोडमध्ये कळतात असं धरू, आणि हा लूप बघा:

```
0x1000: lw   t0, 0(a0)
0x1004: addi a0, a0, 4
0x1008: add  s0, s0, t0
0x100c: bne  a0, a1, 0x1000
```

`bne` चौथ्या सायकलला फेच होते. पाचव्या सायकलला ती डिकोडमध्ये असते, तेव्हा फेच `0x1010` आणून बसलेला असतो. आता कळतं की जायचं होतं `0x1000` ला, म्हणून आणलेलं फेकून द्यायचं आणि `0x1000` येणार सहाव्या सायकलला. चार इन्स्ट्रक्शनला पाच सायकल, आणि हे दर फेरीला. इथे दिशा सांगणारा प्रेडिक्टर शंभर टक्के अचूक लावला तरी तो डिकोडमध्ये बसला असेल तर ही वाया गेलेली सायकल, म्हणजे बबल, जात नाही, कारण उत्तर बरोबर असलं तरी ते एक सायकल उशिरा येतंय.

यावर पहिला गाजलेला उपाय म्हणजे डिले स्लॉट. मिप्सने ब्रांचनंतरची एक इन्स्ट्रक्शन काहीही झालं तरी चालवायची असा नियमच केला, ती वाया जाणारी जागा कंपायलरने भरायची. एका सायकलच्या बबलपुरतं ते ठीक होतं. पण मिप्सच्याच १९९१ च्या आर४००० मध्ये पाइपलाइन आठ स्टेजची झाली, ब्रांच डिले तीन सायकलचा झाला आणि स्लॉट मात्र आर्किटेक्चरमध्ये कोरलेला एकच, म्हणजे टेकन ब्रांचला उरलेली दोन सायकल वायाच. माझ्या मते डिले स्लॉटचा खरा दोष हाच, की एका चिपच्या पाइपलाइनची लांबी त्याने कायमची इन्स्ट्रक्शन सेटमध्ये लिहून ठेवली.

दुसरा रस्ता खरं तर त्याच्याही आधीचा आहे. मँचेस्टर विद्यापीठाच्या एमयू५ मशीनमध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच जंप ट्रेस नावाची छोटी असोसिएटिव्ह मेमरी होती, आधी कुठून कुठे उडी मारली गेली ते ती लक्षात ठेवायची. पुढे १९८४ मध्ये जॉनी ली आणि ॲलन जे स्मिथ यांनी ब्रांच टार्गेट बफरच्या, म्हणजे बीटीबीच्या, डिझाइनचा नीट अभ्यास मांडला, आणि १९९३ च्या पेंटियममध्ये २५६ एंट्रींचा फोर-वे बीटीबी आला.

कल्पना अशी की इन्स्ट्रक्शन बघायचीच नाही, नुसता पत्ता बघायचा. पीसीचे खालचे बिट्स इंडेक्स, वरचे टॅग, आणि एंट्रीत साठवलेलं टार्गेट. वरच्या लूपमध्ये पहिल्या फेरीला मिस होतो, बबल पडतो, आणि `0x100c` च्या नावावर `0x1000` लिहिलं जातं. दुसऱ्या फेरीपासून `0x100c` इन्स्ट्रक्शन कॅशला जातो त्याच सायकलला बीटीबीलाही जातो, हिट होतो, आणि नेक्स्ट पीसीचा मक्स पीसी + 4 सोडून `0x1000` निवडतो. `bne` डिकोडमध्ये पोचते तेव्हा `lw` फेच होत असते, मधे काही नाही. हजार फेऱ्यांना पाच हजारच्या जागी जवळपास चार हजार सायकल, फक्त शेवटच्या फेरीला बाहेर पडताना अंदाज चुकतो.

अडचणी आहेतच. टॅग अर्धवट ठेवला तर दोन पत्ते एकाच एंट्रीवर जुळतात आणि साध्या `add` वरही उडी सुचवली जाते, ते डिकोडला पकडून दुरुस्त करावं लागतं. फंक्शनमधून परत येणारी ब्रांच दरवेळी वेगळ्या कॉलरकडे जाते, तिथे जुनं टार्गेट कामाचं नाही, म्हणून रिटर्नसाठी वेगळा स्टॅक लागतो. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे बफर मोठा केला की तो वाचायलाच एका सायकलपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणजे जो बबल घालवायला तो आणला तोच परत येतो. म्हणून लेव्हल्स केल्या. एएमडीच्या झेन २ मध्ये पहिल्या लेव्हलला फक्त १६ एंट्री आणि बबल शून्य, पुढच्या ५१२ एंट्रींच्या लेव्हलने उत्तर बदललं तर एक बबल, त्यापुढच्या ७१६८ च्या लेव्हलने बदललं तर चार.

इंटेलवर हे मोजायचं तर नुसते ब्रांच मिस बघून चालत नाही, कारण बीटीबी मिस होऊन डिकोडला सुधारलेली सरळ उडी त्यात धरली जात नाही. असं चालवा:

```
perf stat -e branch-misses,baclears.any ./prog
```

पहिला आकडा लहान आणि दुसरा, म्हणजे डिकोडपाशी फेच वळवावा लागल्याची गणती, मोठा दिसला तर दिशेचा अंदाज बरोबर येतोय पण टार्गेट फेचला वेळेत मिळत नाहीये, बहुतेकदा कोड एवढा पसरलाय की त्याच्या ब्रांच बीटीबीत मावत नाहीत.